रिटार्डर टाकला म्हणजे ऊन थांबत नाही

"उन्हाळ्यात स्लॅबला घाबरायचं काय? रिटार्डर टाकला की माल चार तास हलत नाही, भर दुपारी बिनधास्त ओता. घट्ट वाटला तर थोडं पाणी मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आळी बांधून पाणी भरलं की झालं." असं साइटवर सांगितलं जातं.

रिटार्डर सिमेंटचं सेटिंग लांबवतो, आणि तेवढंच. पृष्ठभागावरून उडणारं पाणी त्याने थांबत नाही. उलट माल जास्त वेळ ओला-मऊ राहतो, म्हणून उन्हा-वाऱ्याला तेवढाच जास्त वेळ मिळतो. आटपाडी, जत किंवा दहिवडीकडे मे महिन्यात तडे जातात ते बहुतेक याच वेळात, थापी फिरायच्या आतच.

किती पाणी उडतं ते काढता येतं. E म्हणजे तासाला चौरस मीटरमागे उडणारं पाणी, Tc मालाचं आणि Ta हवेचं तापमान (अंश सेल्सिअस), r सापेक्ष आर्द्रता (दशांशात), V वारा (ताशी किमी):

```
E = 5 × [(Tc+18)^2.5 − r × (Ta+18)^2.5] × (V+4) × 10^-6
```

दुपारी एकला माल 41, हवा 40, आर्द्रता 0.2, वारा 15 धरला तर उत्तर येतं ताशी सुमारे 2 लिटर प्रति चौरस मीटर. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून तासाला जवळजवळ एक बॅरल. चौरस मीटरमागे ताशी 1 लिटरच्या वर गेलं की तड्यांचा धोका धरायचा. पहाटे माल 32, हवा 27, आर्द्रता 0.5, वारा 8 असेल तर तोच आकडा 0.65 वर येतो. म्हणून पहिली पाटी पहाटे पाचला पडावी आणि काम नऊ-साडेनऊला आटपावं.

हे तडे ओळखायला सोपे असतात. एकमेकांना साधारण समांतर, बऱ्याचदा तिरके, वर रुंद आणि खाली निमुळते. सळईच्या रेषेवरच तडा असेल तर तो माल खाली बसल्याचा, ती वेगळी गोष्ट. माल मऊ असतानाच दिसले तर पुन्हा व्हायब्रेटर किंवा थापी मारून मिटवता येतात. वरून कोरडं सिमेंट भुरभुरणं म्हणजे तडा झाकणं, मिटवणं नव्हे.

आता माल 41 अंशांवर गेला कसा, ते पाहा. IS 7861 प्रमाणे हवा किंवा ओतताना माल 40 च्या वर जाणार असेल तर ते उष्ण हवामानातलं काम धरतात. एका घनमीटरला सिमेंट 340 किलो, खडी-वाळू 1900 किलो, पाणी 170 लिटर असं मिश्रण घ्या. उन्हात तापलेली खडी-वाळू 42, सिमेंट 45 आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी 38 अंश असेल, तर माल 41.3 होतो. खडी-वाळूच्या ढिगांवर सावली करून आदल्या संध्याकाळपासून पाणी शिंपडलं आणि ती 32 वर आणली, तर एवढ्यानेच माल 35 वर येतो. विहिरीचं 26 अंशांचं पाणी वापरलं की 32. खडी ओली असेल तर तिच्यातलं पाणी मिक्सरच्या पाण्यातून वजा करायला विसरू नका.

रिटार्डर निरुपयोगी आहे असं नाही. मोठ्या स्लॅबला पट्ट्या पाडून ओतताना शेजारची पट्टी येईपर्यंत कड जिवंत ठेवायला तो हवाच. व्हायब्रेटर स्वतःच्या वजनाने आत गेला आणि काढल्यावर भोक मिटलं, तर कड जिवंत. मात्रा कंपनीच्या पत्रकाप्रमाणे, गोणीमागे मापून आणि पाण्यात मिसळून द्यायची. ऊसपट्ट्यात साखर टाकायची युक्तीही सांगतात; मूठभर साखरेने सेटिंग कुठे जाईल याचा नेम नसतो, त्या वाटेला जाऊ नका.

पाणी मारण्याचा हिशोब छोटा आहे. एका गोणीला 25 लिटर पाणी, म्हणजे गुणोत्तर 0.5. वर पाच लिटर पडलं की 0.6, आणि ताकद साधारण पाचव्या भागाने घटते. माल घट्ट होत असेल तर पत्रकातल्या मर्यादेत प्लास्टिसायझर द्या. सेट व्हायला लागला असेल तर फेका. आरएमसीचा, म्हणजे प्लांटवरून तयार माल आणणारा ट्रक असेल तर भरल्यापासून दोन तासांत रिकामा करावा. रिटार्डर असेल तर मुदत वाढवता येते, ती प्लांटकडून लिहून घ्या.

आणि क्युरिंग दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. एक पट्टी थापून झाली की लगेच तिच्यावर प्लास्टिक पसरायचं, कडेला वजनं ठेवायची. मधल्या वेळात पंपाने धुक्यासारखी फवारणी करा, धार नको. धारेने सिमेंट वाहून जातं. बोटाचा ठसा उमटेनासा झाला की ओलं गोणपाट, आळी सकाळी. आळीचं पाणी टँकरमधून थेट गारेगार नको. तापलेल्या स्लॅबपेक्षा दहा-अकरा अंशांहून जास्त थंड असेल तर पृष्ठभाग आकसून नवे तडे जातात. अशा हवेत साध्या सिमेंटला किमान 10 दिवस आणि पीपीसी किंवा स्लॅग सिमेंटला 14 दिवस स्लॅब सतत ओला हवा. गोणपाट दुपारी वाळलं की त्या दिवसाचं क्युरिंग बुडालं, म्हणून दोन वाजता एकदा वर चढून हात लावून बघा.