दही लागत नाही म्हणून इन्सुलिन रक्तात? जरा थांबा

"उंटिणीच्या दुधाला दही लागत नाही, म्हणून ते पोटातही फाटत नाही आणि त्यातलं इन्सुलिन थेट रक्तात जातं. शुगरवाल्यांनी सुया सोडाव्यात. गाईचं दूध सगळ्यात फॅटी, शेळीचं सगळ्यात हलकं. बाळाला शेळीचंच द्या."

हे वाचून माझ्या मावशीने दोन रात्री इन्सुलिन घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर 312. एरवी मी फॉरवर्डच्या नादी लागत नाही.

फॅटचं आधी उरकतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2013 चा दूध आणि पोषण यांवरचा जाडजूड अहवाल आहे, त्यात सगळ्या जनावरांचे आकडे शेजारीशेजारी दिलेत. जात आणि चाऱ्यानुसार ते हलतात, पण ढोबळ मानाने गाईच्या दुधात फॅट 3.5 टक्क्यांच्या आसपास, शेळीच्या जवळपास तेवढंच, मेंढीच्या 6.5 आणि म्हशीच्या 7.5. उंटिणीच्या 3 च्या जरा वर. म्हणजे 'सगळ्यात फॅटी' ही पदवी गाईला कुठून मिळाली, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता दही. उंटिणीच्या दुधाचं घट्ट दही होत नाही हे खरं आहे, एवढं कबूल करावंच लागेल. पण का होत नाही?

दही फॅटमुळे लागत नाही, प्रोटीनमुळे लागतं. साय पूर्ण काढलेल्या दुधाचंही दही लागतं, यातच आलं सगळं. दुधातलं केसीन बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. विरजणातले जिवाणू आंबटपणा वाढवतात, तसे हे गोळे एकमेकांना चिकटून जाळं विणतात आणि पाणी त्यात अडकून बसतं. दूध आधी चांगलं उकळलं की त्यातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुसरं प्रोटीन उलगडतं, केसीनला जाऊन बिलगतं आणि जाळं आणखी मजबूत होतं.

उंटिणीच्या दुधात हे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसतंच. केसीनचे गोळेही मोठे, आणि त्यांची घडण वेगळी. त्यामुळे दूध कितीही उकळा, जाळं विरळच राहतं. पाचही दुधं उकळून, कोमट करून, सारखंच विरजण लावून सहा-सात तास ठेवा. म्हशीचं दही चमच्याने कापता येईल. मेंढीचं फॅट म्हशीपेक्षा कमी, तरी दही तितकंच किंवा जास्तच घट्ट, कारण प्रोटीन म्हशीत 4 टक्के तर मेंढीत 5.5. गाईचं नीट लागेल, कडेला थोडी निवळी सुटेल. शेळीचं प्रोटीन गाईइतकंच, पण केसीनचा एक प्रकार बऱ्याच शेळ्यांत कमी असतो, म्हणून भांडं हलवलं की दही थरथरतं आणि चमचा घातला की ओघळतं. उंटिणीचं भांडं तिरकं केलंत तर आंबट पातळ दूध वाहील आणि तळाशी बारीक कण दिसतील.

ते कण म्हणजे फाटलेलं केसीनच! दूध आंबतंही आणि फाटतंही, फक्त एकसंध बसत नाही. पोटातलं आम्ल तर दह्यापेक्षा कितीतरी तीव्र. शिवाय तिथे पेप्सिन असतं. इन्सुलिन हे प्रोटीनच आहे. ते घट्ट दह्यातून आलं की पातळ दुधातून, पेप्सिन आणि पुढे आतड्यातले पाचक रस त्याचे तुकडे करतात. इन्सुलिन सुईने द्यावं लागतं ते याच कारणाने. दही लागणं आणि औषध रक्तात पोचणं यांचा सांधा कुणी जोडला, कोण जाणे.

उंटिणीच्या दुधावर मधुमेहींच्या काही छोट्या चाचण्या झाल्यात आणि काहींत इन्सुलिनचा डोस कमी करता आला, हेही खरं. पण मोजक्या रुग्णांवर, साखर वरचेवर मोजत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेसेज वाचून एका रात्रीत सुई बंद करणं ही वेगळी गोष्ट.

राहिलं बाळ. शेळीच्या दुधात फोलेट फारच कमी असतं. निव्वळ त्यावर वाढवलेल्या बाळांना त्यामुळे रक्तक्षय झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्राला जुनी आहेत. आणि ज्या बाळाला गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी आहे, त्याला बहुतेक वेळा शेळीचंही सोसत नाही, कारण दोन्हींची प्रोटीन सारखीच दिसतात. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी काय द्यायचं, हे बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

मावशीला उंटिणीचं दूध आवडलंय, तर पिऊ दे. फक्त 200 मिलीच्या पेल्यात दुधाची साखर साधारण 9 ग्रॅम असते, गाईच्या पेल्याइतकीच जवळपास. ती दिवसाच्या हिशेबात धरायची आणि रात्रीची सुई ठरलेल्या वेळी घ्यायची.