होय ताई, मोर वेगवेगळे आहेत. हातानेच विणलेत!

ताई, आमच्या पैठणीचे फोटो एआयने बनवलेत, हे तुम्ही आधी गावभर सांगितलंत आणि मग मला विचारलंत. उलटं केलं असतंत तर दोघींचाही वेळ वाचला असता. आता तुम्ही बोललाच आहात, तर माझंही सगळं ऐकून घ्या.

तुमचा पहिला पुरावा काय, तर पदरावरच्या दोन मोरांना लाल गोल करून पाठवलेत आणि खाली लिहिलंत, 'दोन्ही सारखे नाहीत, म्हणजे एआय'. अहो, सारखे कसे असतील? तो पदर येवल्यात हातमागावर विणलाय. मोराच्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या तिल्लीवर असतो. विणकर ती बोटांनी ताण्याच्या उभ्या धाग्यांतून घालतो, शेजारच्या रंगाशी अडकवतो, मागे आणतो आणि मग पुढची ओळ. एका मोराची चोच एका धाग्याने पुढे जाते, दुसऱ्याची मान जरा जाड होते. यंत्रावरची घेतली असतीत तर सगळे मोर एका छापाचे आले असते. म्हणजे जे बघून गिऱ्हाइकाने खूश व्हायचं, तेच बघून तुम्ही आम्हाला खोटं ठरवलंत. काय बोलायचं यावर!

दुसरा आरोप रंगाचा. एका फोटोत जांभळी, दुसऱ्यात राणी, 'म्हणजे दोन्ही फोटो बनवलेले'. या पैठणीचा ताणा राणी रंगाचा आहे आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, गर्द निळा. समोरून बघाल तर जांभळी दिसते, तिरकी धरलीत की राणी चमकते. धूपछाव म्हणतात त्याला, लोक मुद्दाम मागून घेतात. शिवाय एक फोटो खिडकीजवळ सकाळी काढलाय, एक संध्याकाळी दिव्याखाली. एकाच साडीचा रंग दोन्हीकडे अगदी सारखा आला असता, तर संशय घ्यायला जागा होती.

तिसरं म्हणजे अंगावरच्या लहरी. 'कापडावर पाण्यासारखे पट्टे दिसतात, असं कापडच नसतं.' बरोबर, कापडावर ते नाहीतच. रेशमाचे धागे बारीक आणि एकसारख्या अंतरावर असतात, फोटोतले ठिपकेही एकसारख्या अंतरावर. मोठा फोटो लहान केला की या दोन जाळ्या एकमेकींवर येतात आणि नसलेल्या लहरी उमटतात. टीव्हीवर बारीक चौकटीचा शर्ट घातलेला माणूस आला की शर्ट कसा थरथरतो, तसंच. आमचा मूळ फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा आहे. तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तो किती आक्रसला असेल, विचार करा. मूळ फाइल पूर्ण आकारात उघडा, लहरी जातील आणि धागा न् धागा दिसेल.

तुम्ही तो फोटो कुठल्याशा तपासणी साइटवर टाकून 'एआय असण्याची शक्यता जास्त' असा निकालही पाठवलात. त्याला निकाल म्हणता? चार वेळा दाबून लहान झालेला, त्यातून मागची भिंत काढून पांढरी केलेला फोटो तुम्ही टाकलात. पांढरी पार्श्वभूमी विक्रीच्या पोर्टलला लागते म्हणून केली, आणि तसं फोटोखाली लिहिलंही आहे. साडीला हात लावलेला नाही. असल्या फोटोवर ही तपासणी खऱ्यालाही खोटं म्हणू शकते आणि खोट्यालाही खरं, तिच्या भरवशावर कुणाच्या धंद्यावर चिखल उडवायचा?

संशय घेऊच नका असं मी म्हणत नाही हं. बाजारात काय चाललंय ते तुमच्याहून आम्हाला जास्त माहीत आहे. आमचाच फोटो उचलायचा, एआयकडून एखाद्या गोऱ्यापान मुलीच्या अंगावर चढवायचा आणि 1,500 रुपयांत 'येवला पैठणी' म्हणून विकायचा. हातात पडतं ते छापील पॉलिस्टर. त्यांना कोणी विचारत नाही, कारण तिथे सगळे मोर छान सारखे असतात! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता पुरावा. आजच्या मेलमध्ये लिंक पाठवली आहे. त्यात कॅमेऱ्यातून निघालेल्या, हात न लावलेल्या रॉ फाइल आहेत, DSC_0412.NEF पासून ओळीने पुढे. मुद्दाम सगळ्या दिल्यात. मधे एक हललेला आहे, एकात माझी सावली पडलीय, एकात पदर घसरलाय. बनवलेल्या फोटोच्या मागे असला पसारा सहसा नसतो. रॉ फाइल म्हणजे तयार चित्र नव्हे. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याने लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा उजेड टिपलेला असतो, चित्र नंतर तयार होतं. एआयकडून मिळतं ते आयतं चित्र. त्यावरून मागे जाऊन अशी फाइल रचणं अशक्य नाही, पण भलतं किचकट आहे, आणि एका साडीसाठी ते कोण करत बसेल?

फाइलमधली तारीख-वेळही बघा, पण तेवढ्यावरच विश्वास ठेवू नका, ती बदलता येते. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उघडून 'यात माहितीच नाही, म्हणजे खोटा' असं म्हणू नका. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप ती माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर राहते.

एवढ्यानेही पटलं नाही, तर सोपा उपाय आहे. एक शब्द कळवा, काहीही चालेल. तो मी हाताने चिठ्ठीवर लिहीन, तुम्ही सांगाल त्या मोरावर ठेवीन आणि न थांबवता व्हिडिओ काढीन. त्यात पदर उलटा करून दाखवीन. उलट्या बाजूनेही मोर तसाच स्वच्छ दिसला पाहिजे, लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर बेलाशक बोला. मग साडी खिडकीपाशी नेऊन तिरकी करीन, रंग बदलताना दिसेल. सिल्क मार्कचं लेबलही जवळून दाखवीन. तेवढंच ध्यानात ठेवा, की ते लेबल रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतं. हातमाग ओळखायला पदराची उलटी बाजूच बघावी लागते.

साडी 38,000 ची आहे, प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला पुरेपूर आहे. दहा विचारा. पण 'फ्रॉड' हा शब्द तुम्ही जिथे जिथे लिहिलात, तिथून तो काढा. शब्द उद्यापर्यंत कळवलात तर व्हिडिओ उद्याच पाठवते. घ्यायची नसेल तर तसं सांगा, आगाऊ दिलेले पैसे परत करते. या साडीसाठी आणखी दोघी थांबल्या आहेत.