झोपेचे मार्क

एसएसएलसीनंतर माझे मार्क कुणी विचारले नव्हते. दिवाळीला लेकानं झोप मोजणारा मनगटी पट्टा आणून दिला आणि रोज सकाळी निकाल लागायला सुरुवात झाली.

पहिला निकाल ६१. खरं तर मी ताजातवाना उठलो होतो, पण आकडा बघून चहाआधीच अंग दुखायला लागलं. मग रात्री साडेनऊलाच अंथरूण, डोक्यात एकच, आज ऐंशी पाहिजेत. असा चंग बांधून कुणाला झोप येते? पाचव्यांदा कूस बदलल्यावर बायको म्हणाली, "अहो, हलू नका, नाहीतर सोप्यात जावा."

म्हणून एक ते साडेतीन मढ्यासारखा पडून राहिलो. निपाणीत ऊसतोडीचे दिवस. दोन वाजता ट्रॅक्टर कन्नड गाणी ठणाणा लावून गेला. मागे दोन ट्रॉल्या होत्या, एकीचा साखळदंड फरफटत होता. इतका मी जागा!

सकाळी स्कोअर ८४. जागेपणा ११ मिनिटं. आणि दोन वाजता म्हणे मी गाढ झोपेत!

बेळगावचा भाचा डॉक्टर. फोनवर मनसोक्त हसला. "मामा, पट्ट्याला कळतं काय, तर हात हलतो का आणि हिरव्या उजेडात नाडी कशी चालते. गाढ झोप ठरते मेंदूच्या लहरींवरून. खऱ्या तपासणीत त्यासाठी डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा चिकटवतात. पट्टा नुसता अंदाज बांधतो. झोपलेला माणूस तो बरा ओळखतो, पण निपचित पडलेला जागा माणूस त्याला झोपलेलाच वाटतो."

"मग ८४ कशाचे?"

"कंपनीच्या गणिताचे. दुसऱ्या कंपनीचा पट्टा बांधलास तर आकडा वेगळा येईल."

माझ्या दुखण्याला नावही निघालं, ऑर्थोसोम्निया. 'परफेक्ट' आकड्याच्या मागे लागून झोप घालवणं. २०१७ साली अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी अशा पेशंटांवर लिहून हे नाव ठेवलं. म्हणजे अमेरिकेतही माझ्यासारखे आहेत, या विचारानं जरा बरं वाटलं.

भाच्यानं स्कोअरची सूचना बंद करायला लावली. उठल्यावर आधी वहीत लिहायचं, कसं वाटतंय. पट्ट्यावर बघायचं ते फक्त झोपायची-उठायची वेळ, तीही दोन-तीन आठवड्यांची मिळून. एका रात्रीच्या टप्प्यांवर जीव टाकायचा नाही.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा डुलक्या, यातलं काही असेल तर नव्वद पडले तरी ये."

फोन स्पीकरवर होता. बायको भाजी निवडायची थांबली.

"श्वास अडकतो रे बाळा," ती म्हणाली. "यांचा. मी मोजते."

सोमवारी माझ्या डोक्याला तारा चिकटवणार आहेत.