इथेनॉल प्रकल्पाचा एनपीव्ही: दहा टक्क्यांच्या तक्त्यात न दिसणाऱ्या गोष्टी

«प्रकल्प अहवालातला प्रत्येक आकडा दहा टक्के कमी-जास्त करून बघा. एनपीव्ही कशाने सर्वांत जास्त हलतो तीच खरी जोखीम. ब्रेक-इव्हन गाठला की पैसा सुटला. एनपीव्ही शून्याच्या वर असेल तर थांबू नका, थांबणं म्हणजे तोटा. आणि बंद करण्याचा विचार सुरू करण्याआधी कशाला?»

नव्या प्रकल्पाबद्दल असा सल्ला दिला जातो. त्यातला एकेक मुद्दा इथे तपासू. एनपीव्ही म्हणजे पुढच्या वर्षांत हातात येणाऱ्या पैशाची आजची किंमत, त्यातून घातलेलं भांडवल वजा. एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. साखर कारखान्याला जोडून रोज ६० हजार लिटर क्षमतेची डिस्टिलरी उभारायची आहे, कच्चा माल बी-हेवी मळी, म्हणजे सगळी साखर काढून न घेता आधीच बाजूला काढलेली मळी. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केलेत, ते कुठल्याही एका कारखान्याचे नाहीत. भांडवली खर्च ९० कोटी. वर्षाला २५० दिवस चालली तर दीड कोटी लिटर इथेनॉल. विक्री लिटरला ६० रुपये, मळी आणि बाकीचा चल खर्च ४६ रुपये, म्हणजे लिटरमागे १४ रुपये सुटतात. त्यातून वर्षाचा ४ कोटी स्थिर खर्च गेला की हातात १७ कोटी. कर बाजूला ठेवू. १२ टक्के दराने पुढची दहा वर्षं दरसाल मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ५.६५ रुपये होते. १७ गुणिले ५.६५ म्हणजे ९६ कोटी, त्यातून ९० वजा केले की एनपीव्ही अधिक ६ कोटी.

आता दहा टक्क्यांचा तक्ता. विक्रीदर ६० वरून ५४ झाला तर एनपीव्ही उणे ४५ कोटी. दिवस २५० वरून २२५ झाले तर उणे ६ कोटी. तक्ता बघणारा म्हणेल की दर हाच धोका, दिवसांची चिंता नको.

इथेच चूक होते, कारण सगळ्या गोष्टी दहा-दहा टक्क्यांनी हलत नाहीत. इथेनॉलचा दर सरकार ठरवतं आणि तेल कंपन्या त्या दराने घेतात. बी-हेवी मळीच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात ६० रुपये ७३ पैसे होता, २०२३-२४ मध्ये तोच आणि २०२४-२५ मध्येही तोच. तीन वर्षं एक पैसाही हलला नाही. हललं ते प्रमाण. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभराने ती सैल केली, पण रस आणि बी-हेवी मळी मिळून इथेनॉलकडे वळवायच्या साखरेवर १७ लाख टनांची मर्यादा घातली. हंगाम ऐन भरात असताना हे झालं. हे निर्बंध उठले ते २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, पुढच्या पुरवठा वर्षासाठी.

म्हणून प्रत्येक आकड्याची कक्षा त्याच्या स्वभावानुसार घ्यायला हवी. दर ५८ ते ६२ धरला तर एनपीव्ही उणे ११ ते अधिक २३ कोटी. दिवस १२० ते ३०० धरले तर उणे ५६ ते अधिक ३० कोटी. क्रम उलटला. दहा टक्क्यांच्या तक्त्यात जी ओळ खाली होती, ती वर आली. आपल्या अहवालातला तक्ता असाच आहे का हे ओळखणं सोपं आहे: सगळ्या ओळींपुढे एकच टक्केवारी दिसली, की समजावं, कक्षा कुणी विचारपूर्वक ठरवलेली नाही.

दुसरी अडचण अशी, की या गोष्टी एकेकट्या हलत नाहीत. पाऊस कमी, तर ऊस कमी, म्हणून मळी कमी आणि महाग, आणि वर सरकारची बंधनं. शिवाय उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, टनाला ३,०५० वरून ३,१५० आणि मग ३,४०० रुपये झाली, तीही नेमक्या त्याच तीन वर्षांत ज्यात बी-हेवीचा दर जागचा हलला नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे वरच्यासारखे तक्ते, एका वेळी एकच खुंटी पिळते. सिनारियो म्हणजे एक गोष्ट कल्पून तिच्यात बसणारे सगळे आकडे एकत्र बदलणं. दुष्काळाचा सिनारियो मांडू: दिवस १५०, चल खर्च ५० रुपये. वर्षाला हातात येतात फक्त ५ कोटी. दहाही वर्षं अशीच गेली तर एनपीव्ही उणे ६२ कोटी. नुसते दिवस घटल्याने होणारी घट ४७ कोटी आणि नुसता खर्च वाढल्याने होणारी ३४ कोटी. त्यांची बेरीज ८१ होते, पण एकत्र घट ६८ चीच. लिटरच कमी असले की जादा खर्चही कमी लिटरांवर पडतो. त्यामुळे सेन्सिटिव्हिटीच्या ओळींची बेरीज करून सिनारियो मिळत नाही. तो पुन्हा मुळापासून मांडावा लागतो.

पण दहाही वर्षं दुष्काळ धरणं हाही अतिरेकच. त्यापेक्षा दोनच वाईट वर्षं धरा आणि ती केव्हा येतात ते बघा. पहिलं आणि दुसरं वर्ष वाईट गेलं तर एनपीव्ही उणे १४ कोटी. तीच दोन वर्षं नववी-दहावी असली तर फक्त उणे २ कोटी. शिवाय कर्जाचे हप्ते सुरुवातीलाच जड असतात, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांचा दुष्काळ कागदापेक्षा प्रत्यक्षात जास्त बोचतो. मी अहवाल वाचायला बसतो तेव्हा आधी हेच पान शोधतो, आणि बहुतेक वेळा ते नसतं.

ब्रेक-इव्हनबद्दल मात्र मला ठामपणे बोलायचं आहे, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळे आकडे लपतात. हिशेबनीस जो ब्रेक-इव्हन काढतात त्यात स्थिर खर्च ४ कोटी आणि घसारा ९ कोटी, मिळून १३ कोटी भरून निघाले की नफा शून्य. १४ रुपयांनी भागलं तर सुमारे ९३ लाख लिटर, म्हणजे १५५ दिवस. अहवालात लिहिलं जातं: ‘१५५ दिवसांत ब्रेक-इव्हन, आपण २५० चालवणार, भरपूर मोकळीक.’

१५५ दिवस चालवून दहा वर्षांत काय मिळालं? दरसाल ९ कोटी, एकूण ९० कोटी. घातलेले ९० कोटी दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने परत आले, व्याजाचा एक रुपयाही न मिळता. आजच्या किमतीत ते जेमतेम ५१ कोटी. म्हणजे ‘ना नफा ना तोटा’ म्हणत ३९ कोटींचं मूल्य गेलं.

एनपीव्ही शून्य होण्यासाठी वर्षाला ९० भागिले ५.६५, म्हणजे १५.९३ कोटी हातात यायला हवेत. त्यात स्थिर खर्च मिळवून १४ ने भागलं की १ कोटी ४२ लाख लिटर, म्हणजे २३७ दिवस. मोकळीक ९५ दिवसांची नाही, १३ दिवसांची आहे. दराच्या बाजूने बघितलं तर ५९ रुपये २९ पैशांना एनपीव्ही शून्यावर येतो, म्हणजे हाताशी ७१ पैसे. बँकेला आणि संचालक मंडळाला १५५ चा आकडा दाखवून कर्ज मंजूर करून घेणं मला गंभीर वाटतं, कारण तो खोटा नसून अपुरा आहे, आणि अपुरा आकडा तपासायला कुणी जात नाही.

आता थांबण्याचा मुद्दा. समजा, पुढच्या हंगामापर्यंत धोरण स्पष्ट होणार आहे. बी-हेवीला मोकळीक मिळाली तर ३०० दिवस चालेल, नाही मिळाली तर २००. शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी तीच २५०. आज बांधलं तर निम्म्या शक्यतेने अधिक ३० कोटी, निम्म्या शक्यतेने उणे १८ कोटी, सरासरी ६ कोटी. एक वर्ष थांबलो तर? धोरण अनुकूल आलं तरच बांधायचं, नाही तर सोडून द्यायचं. ३० कोटींचा निम्मा १५, एक वर्ष उशिरा मिळणार म्हणून १.१२ ने भागून सुमारे १३ कोटी. सहा कोटींच्या प्रकल्पाची किंमत थांबण्याच्या मुभेमुळे १३ कोटी होते. वाढ कुठून आली? वाईट फांदी कापता आली म्हणून. आज बांधलेली डिस्टिलरी उद्या न बांधलेली करता येत नाही, म्हणून तर थांबण्याला किंमत आहे.

याच कारणामुळे आज एनपीव्ही किंचित उणे असलेला प्रकल्पही फाडून फेकू नये. जागा, पाण्याची आणि पर्यावरणाची परवानगी हातात ठेवावी.

अर्थात थांबणं फुकट नसतं. वर्षभरात यंत्रसामग्री महागली तर? हाच हिशेब उलटा मांडला की भांडवली खर्च १०६ कोटींवर, म्हणजे १८ टक्क्यांनी वर गेला तर थांबण्याचा फायदा संपतो. व्याज सवलतीच्या योजनेची मुदत निघून जाणार असेल, किंवा शेजारचा कारखाना आधी उभारून मळी ओढून घेणार असेल, तर आजच बांधणं शहाणपणाचं ठरू शकतं. आणि थांबून काही नवं कळणारच नसेल तर थांबण्याला काहीच किंमत नाही. वर मी दोन्हीकडे १२ टक्केच दर लावला, तोही ढोबळपणा आहे, कारण थांबण्याच्या पर्यायाची जोखीम प्रकल्पापेक्षा वेगळी असते. निर्णयाची दिशा दाखवायला तो पुरतो, पैशापर्यंत अचूक मूल्य काढायला पुरत नाही.

शेवटचं, बंद करण्याबद्दल. समजा पाचात एक शक्यता अशी, की वर्षाला १०० दिवसच चालेल. तक्ता गृहीत धरतो की मालक दहा वर्षं तशीच चालवत राहील, म्हणून उणे ६५ कोटी. पण एका वर्षानंतर बॉयलर, टर्बाइन, टाक्या, ऊर्ध्वपातनाचे स्तंभ विकून ४० कोटी येत असतील, आणि चालू ठेवून उरलेल्या नऊ वर्षांची तेव्हाची किंमत फक्त २३ कोटी असेल, तर विकणं बरं. या मुभेमुळे उणे ६५ चे उणे ५० होतात. पाचात एक शक्यता धरली तरी आजच्या एनपीव्हीत ३ कोटी वाढतात, म्हणजे मूळ सहाच्या निम्मे.

तुलना नेहमी ४० ची २३ शी करायची, घातलेल्या ९० शी नाही. म्हणून २०० दिवस चालणारी डिस्टिलरी तोट्यात बांधली गेली असली तरी विकायची नाही: तिची उरलेली किंमत ६८ कोटी आहे, मोडीची ४०.

आणि हा विचार सुरू करण्याआधीच करायचा, कारण ४० कोटींचा आकडा बांधतानाच ठरतो. पाया आणि बांधकामाचा पैसा परत येत नाही, सुटी करून हलवता येणारी यंत्रं आणि नंतर धान्यावरही चालवता येईल अशी रचना यांचा काही परत येतो. कर्ज घेताना बँकेने तारणातून यंत्रं सोडायची अट कशी लिहिली आहे, तेही तेव्हाच बघावं लागतं. ती अट नसेल, तर ४० कोटींचा ग्राहक दारात उभा असला तरी विकता येत नाही.