उणे शंभर रुपयांची गाळणी

आमच्या घरात चहाची एक गाळणी आहे आणि तिची किंमत उणे शंभर रुपये आहे. फुकट मिळालेली वस्तू निराळी. ही घ्यावी म्हणून दुकानाने आम्हाला वर शंभर रुपये दिलेत. खोटं वाटत असेल तर बिल दाखवतो.

हिला डबल बेडची चादर हवी होती, सहाशेची. मला कुर्ता हवा होता, अकराशेचा. दोन्ही एकाच ऑनलाइन दुकानात टोपलीत टाकले, बेरीज झाली १,७००. तेवढ्यात वर हिरवी पट्टी आली : ‘आणखी २९९ रुपयांची खरेदी करा आणि ४०० रुपयांची सूट मिळवा.’ कूपनची अट होती किमान १,९९९ रुपयांच्या खरेदीची. आता तीनशेची वस्तू घेऊन चारशे वाचत असतील, तर न घेणारा माणूस एक तर संत असतो नाही तर त्याची बायको माहेरी गेलेली असते. हिने दीड मिनिटात तीनशे रुपयांची स्टीलची गाळणी शोधून काढली. एकूण २,०००, वजा ४००, भरले १,६००. ९९९च्या वर डिलिव्हरी मोफत, एरवी ऐंशी रुपये. गाळणी घेतली नसती तर १,७०० गेले असते. म्हणून उणे शंभर.

“शिवाय गाळणी नंतर परत करता येईल,” ही म्हणाली. “म्हणजे तीनशे परत आणि चारशे वाचलेलेच.”

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे. आणि हे वाक्य फक्त आमच्या घरातलं नव्हे, देशभरातलं आहे.

सामान आलं. चादर उत्तम. गाळणीही चांगली, फक्त भोकं एवढी बारीक की चहा तिच्यातून उतरायचा की नाही याचा विचार करत बसतो. कुर्ता मात्र पोटाशी असा काही अडला की दोघांपैकी एकालाच श्वास घेता येईल. मोठी साइज बघितली तर ‘स्टॉक संपला’. मग परत करायचं ठरवलं. कारण निवडलं, पिकअपचा दिवस निवडला आणि शेवटच्या पडद्यावर बारीक अक्षरांत दिसलं : ‘परताव्याची अंदाजे रक्कम ₹६२०’.

अकराशेचा कुर्ता. घडीसुद्धा पुरती मोडलेली नाही. आणि सहाशे वीस!

मी ग्राहक सेवेच्या चॅटवर गेलो. तिथल्या मुलीने ‘सर, तुमची गैरसोय मी समजू शकते’ असं लिहिलं आणि मग बराच वेळ नुसतीच समजत राहिली. शेवटी उत्तर आलं की सदर ऑर्डरवर प्रमोशनल बेनिफिट अ‍ॅडजस्ट झालेला आहे. मी विचारलं, कुठे झाला? ती म्हणाली, ऑर्डरवर.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो अशाच एका दुसऱ्या ऑनलाइन दुकानाच्या हिशेब विभागात आहे आणि लग्नकार्यात त्याला लोक याच विषयावर घेरतात, जसे डॉक्टरला गुडघे दाखवतात.

“मामा, आधी बिल उघड,” तो म्हणाला. “कुर्त्यासमोर किती लिहिलंय?”

मी बघितलं. १,१०० लिहून त्याखाली सूट २२०, आणि निव्वळ ८८०. चादरीवर १२० सूट, गाळणीवर ६०. तिन्ही मिळून बरोबर चारशे.

“म्हणजे कुर्ता तू अकराशेला घेतलेलाच नाहीस. कूपन तुला ऑर्डरवर दिसतं, पण ऑर्डर म्हणजे काही वस्तू नव्हे. बिल वस्तूचं होतं, जीएसटी वस्तूवर लागतो, आणि सूट त्या वस्तूच्या बिलावर दाखवली की कर सूट वजा करून लागतो. म्हणून तू पैसे भरलेस त्याच क्षणी सिस्टिमने चारशे रुपये किमतीच्या प्रमाणात तिघांवर वाटून टाकले. दोन हजारांत अकराशे म्हणजे पंचावन्न टक्के, म्हणून चारशेतले दोनशे वीस कुर्त्याचे.”

हे मला पटलं. पटलं म्हणजे, अकराशेचे आठशे ऐंशी झाल्याचं दुःख झालं, पण ते न्याय्य दुःख होतं. जे भरलेच नाहीत ते परत कसे मागणार? बरीच दुकानं इथेच थांबतात, असं तो म्हणाला. वाटून दिलेली सूट वाटूनच परत घ्यायची. तिन्ही वस्तू एकेक करून परत केल्या तरी बरोबर १,६०० मिळतात, भांडण नाही.

याच पद्धतीचा एक मजेशीर प्रकार म्हणजे ‘दोन घ्या, एक मोफत’. आमच्या वहिनींनी नऊशेचे दोन शर्ट घेतले, सहाशेचा तिसरा फुकट. भरले अठराशे. फुकटचा शर्ट परत केला तर काहीच मिळणार नाही, या खात्रीने त्यांनी तो मोलकरणीच्या मुलाला दिला. आणि बिलावर त्या फुकट शर्टाची किंमत होती साडेचारशे! चोवीसशेच्या मालाचे अठराशे घेतले म्हणजे प्रत्येक शर्ट पाऊण किमतीला. नऊशेवाला पावणेसातशेला, सहाशेवाला साडेचारशेला. त्या दुकानात तो फुकटचा शर्ट परत करून साडेचारशे मिळाले असते, आणि विकतचा परत करून नऊशे मिळाले नसते. दुसऱ्या काही दुकानांत तिन्ही एकत्रच परत करा म्हणतात. वहिनींना हे सांगायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

“मग माझे आठशे ऐंशी कुठे आहेत?” मी भाच्याला विचारलं. “इथे सहाशे वीस दाखवतायत.”

“तुझं दुकान दुसऱ्या पंथाचं आहे. ते परत आलेल्या वस्तूकडे बघतच नाहीत. तुझ्याकडे काय उरलं ते बघतात. कुर्ता गेला की उरली चादर आणि गाळणी, नऊशे रुपये. नऊशेच्या खरेदीवर कूपन लागू होतं का?”

“नाही.”

“डिलिव्हरी फुकट?”

“९९९च्या वर.”

“मग नऊशे अधिक ऐंशी, नऊशे ऐंशी. तू सुरुवातीलाच या दोनच वस्तू मागवल्या असत्यास तर एवढेच गेले असते. भरलेस सोळाशे. सोळाशे वजा नऊशे ऐंशी?”

सहाशे वीस. गणित शाळेतल्या फळ्यावर मांडता येईल इतकं स्वच्छ होतं. मला आयुष्यात अनेक लोकांनी फसवलं, पण त्यांच्यापैकी कोणाचंच गणित बरोबर नव्हतं. इथे गणित बरोबर आणि फसवल्याची भावनाही जशीच्या तशी, हा अनुभव नवा होता.

“पण असं करतात का?” मी म्हटलं.

“मामी आहे का तिथे? फोन स्पीकरवर टाक. मामी, ती गाळणी कशाला घेतली होतीस?”

ही गप्प.

“परत करायला ना? तसं करणारी तू पहिली नाहीस. सेलमध्ये अट पुरी करण्यापुरती वस्तू टोपलीत टाकायची, कूपन मिळवायचं आणि दुसऱ्या दिवशी ती वस्तू परत. दुकानाला जाण्यायेण्याचा कुरिअरचा खर्च, वस्तू तपासून पुन्हा पॅक करायचा खर्च, आणि वर सूटही गेली. म्हणून हा हिशेब. आता गाळणी परत करून बघ किती येतात.”

आम्ही बघितलं. गाळणी गेली तर उरतात १,७००, कूपनची अट मोडते, म्हणजे १,७०० पूर्ण द्यायचे. भरलेत १,६००. परतावा : शून्य. खरं तर शंभर आमच्याकडूनच निघतात, पण तेवढी माणुसकी दुकानाने ठेवली आहे. हिने त्या गाळणीकडे अशा नजरेने पाहिलं, की ती गाळणी नसून माझ्या आत्याची सून असावी.

भाचा रंगात आला होता. या पद्धतीत कोणती वस्तू कधी परत करता याने सुद्धा फरक पडतो म्हणे. तिन्ही एकदम परत केल्या तर ऑर्डरच राहिली नाही, बहुतेक ठिकाणी सोळाशे मिळतील. पण आधी कुर्ता, मग चादर, मग गाळणी अशा हप्त्याने पाठवल्या तर ६२०, ६०० आणि ३००, एकूण १,५२०. मधल्या काळात दोन वस्तू ‘ठेवल्याचे’ डिलिव्हरीचे ऐंशी रुपये जातात ते गेलेच. साइज बदलून घेणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं, कारण एकाच किमतीची वस्तू बदलली तर ऑर्डरची बेरीज हलत नाही आणि कूपनला जाग येत नाही. आणि वस्तू फाटकी किंवा भलतीच आली असेल, तर ‘आवडली नाही’ असं चुकूनही निवडायचं नाही. खरं कारण निवडायचं, फोटो जोडायचे आणि कूपन कापू द्यायचं नाही. चूक त्यांची असताना अट मोडल्याचा भार तुमच्यावर का?

माझा कुर्ता मात्र फाटका नव्हता. मी फुगलेला होतो. या कारणासाठी त्यांच्या यादीत जागा नव्हती.

मला विचाराल तर ८८० बरोबर आहेत आणि ६२० कडक आहेत, पण तेही समजून घेता येतात. समजून घेता येत नाही ती या अटी लिहिण्याची जागा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे परतीच्या आणि परताव्याच्या अटी ग्राहकाला दाखवाव्या लागतात. दाखवलेल्या असतातही, चार पडदे खाली, ‘अटी व शर्ती’ नावाच्या तळघरात. सूट मिळते तेव्हा पट्टी हिरवीगार आणि अक्षरं बोराएवढी; ती परत जाते तेव्हा अक्षरं मोहरीएवढी आणि राखाडी. अटी कुठेच सापडल्या नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मी त्या तळघरात उतरून पाहिलं, अट होती. सहाव्या कलमात, टॉर्च लावून वाचावी अशी.

तेव्हा कुर्ता परत करायचा बेत रद्द झाला. ही म्हणाली, माझ्या भावाला होईल, तो सडपातळ आहे. शेवटच्या दोन शब्दांवर तिने जरा जास्त वेळ घेतला. मेहुणा रविवारी आला, कुर्ता चढवला, आरशासमोर दोन फेऱ्या मारल्या. फिट बसला.

“दाजी, किती द्यायचे?” त्याने फोन काढत विचारलं.

मी संकोचाने म्हटलं, “अरे, छापील किंमत अकराशे आहे. बिलावर आठशे ऐंशी आहेत. घरातलाच आहेस, तेवढेच दे.”

फोन वाजला. मी पाहिलं तर ६२० रुपये जमा.

“ताई म्हणाली,” तो कॉलर नीट करत म्हणाला, “कंपनी तुम्हाला तेवढेच देणार होती.”