आठ तास पंच्याहत्तर मिनिटे

आत्याचा फोन आला तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. तिने एवढंच विचारलं, “अरे, गाडीला एकूण किती तास लागतात? गोळी आठ तासांनी घ्यायची आहे. गाडीतच घेऊ की उतरल्यावर घेतली तरी चालेल?” मी म्हटलं, “थांब, दोन मिनिटांत सांगतो.” माणसाने अशी वाक्यं बोलू नयेत.

वेळापत्रकात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. गाडी सुटणार २१.४० ला आणि पोहोचणार ०६.१५ ला. आता सहातून एकवीस वजा कसे करायचे? दादाने हातातली कामं टाकून कॅल्क्युलेटर घेतला. चोविसातून २१.४० वजा केले, आले २.६०. त्यात ६.१५ मिळवले, आले ८.७५. “आठ तास पंच्याहत्तर मिनिटं,” दादा गंभीरपणे म्हणाला, “म्हणजे सव्वानऊ तास.” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आठ पूर्णांक पंच्याहत्तर म्हणजे पावणेनऊ. शाळेत शिकलो नाही का आपण?” एकाच आकड्याची दोन उत्तरं निघाली, आणि दोन्ही चूक.

कारण वेळेतला टिंब दशांशचिन्ह नसतो, नुसता उभं राहायला दिलेला खांब असतो. कॅल्क्युलेटरला हे कोण सांगणार? त्याने तासाचा हातचा घेतला तो शंभराचा, आणि तास साठाचा. त्या चाळीस मिनिटांच्या फरकाने दादाचं उत्तर फुगलं. खरं तर अशा वेळी वजाबाकीच्या वाटेला जाऊ नये. मध्यरात्रीला एक मुक्काम समजावं आणि तिथपर्यंत पायी मोजत जावं: २१.४० पासून दहापर्यंत २० मिनिटं, दहापासून बारापर्यंत २ तास. पुढे मध्यरात्रीपासून सव्वासहापर्यंत ६ तास १५ मिनिटं. बेरीज ८ तास ३५ मिनिटं. बोटांवर होते. (गाडी दोन रात्री धावणारी असेल तर यात आणखी २४ तास मिळवायचे. त्यासाठी वेळेशेजारी दिवसाचा आकडा छापलेला असतो, आणि तो नेहमी इतका बारीक असतो की उतरल्यावरच दिसतो.)

इथेच थांबलो असतो तर कुटुंबात माझं नाव झालं असतं. पण मी हुशार. मी मधली स्टेशनं पाहिली. चार थांबे होते: पहिला ५ मिनिटांचा, दुसरा रात्री १.५० ते २.१० असा चांगला २० मिनिटांचा, तिसरा ३ आणि चौथा २ मिनिटांचा. एकूण अर्धा तास. मी तो ८ तास ३५ मिनिटांत मिळवला आणि आत्याला कळवलं, “थांबे धरून ९ तास ५ मिनिटं.”

आत्या कधीकाळी शिक्षिका होती. “अरे, गाडी थांबते तेव्हा घड्याळही थांबतं का?” तिने विचारलं.

मी गप्प. सुटण्यापासून पोहोचण्यापर्यंतच्या वेळात थांबे आधीच आलेले असतात. ते वेगळे काढायचे फक्त गाडी प्रत्यक्ष धावली किती हे पाहायचं असेल तर, आणि तेव्हा मिळवायचे नसतात, वजा करायचे असतात: ८ तास ५ मिनिटं. आपण मधल्याच स्टेशनावर चढणार किंवा उतरणार असू तर मात्र डोळे उघडे ठेवावेत. तिथे दोन वेळा छापलेल्या असतात. चढणाऱ्याने सुटायची घ्यावी, उतरणाऱ्याने पोहोचायची. त्या २० मिनिटांच्या थांब्यावर ही अदलाबदल केली की तेवढीच चूक आयती पदरात पडते.

प्रवासाच्या रात्री गाडी ५० मिनिटं उशिरा, साडेदहाला सुटली. मी तत्काळ हिशेब केला. उशिरा सुटली म्हणजे तेवढीच उशिरा पोहोचणार, सव्वासहाच्या ऐवजी सात वाजून पाच. गजर त्या बेताने लावला आणि शांत झोपलो.

गाडी साडेसहाला पोहोचली. आत्या बाकावर बसून होती, मी अंथरुणात.

हे कसं झालं ते नंतर मी गाडीच्या नोंदी लावून पाहिलं. मधल्या मोठ्या थांब्यावर ती २.४० ला आली, म्हणजे ५० मिनिटं उशिराच. पण वीस मिनिटं न थांबता आठच मिनिटांत निघाली. बारा मिनिटं तिथे वसूल. पुढच्या वाटेवर इकडेतिकडे मिळून तीन. शेवटच्या थांब्यावरून ती ६.१५ ला सुटली तेव्हा अजून ३५ मिनिटं उशिरा होती, आणि खरी गंमत त्यापुढची. तिथून शेवटचं स्टेशन वेळापत्रकाप्रमाणे ५.४० ते ६.१५, म्हणजे ३५ मिनिटांवर. गाडीने ते अंतर १५ मिनिटांत कापलं.

गाडीला पंख फुटले नव्हते. वेळापत्रक करणारे धूर्त असतात. वाटेत होणारा उशीर भरून निघावा म्हणून ते ठिकठिकाणी, आणि पुष्कळदा शेवटच्या टप्प्यात, थोडा जास्तीचा वेळ पेरून ठेवतात. तो कुठे पेरलाय हे ओळखायची सोपी युक्ती आहे. त्याच मार्गाने परत जाणाऱ्या गाडीचं पान उघडावं. आपला शेवटचा टप्पा हा तिचा पहिला. तिथे तेच अंतर १५ मिनिटांचं छापलं होतं. जाताना १५ आणि येताना ३५, मध्ये घाट नाही की काही नाही. उरलेली २० मिनिटं म्हणजे गाडीने पदराला बांधून ठेवलेली पुरचुंडी.

म्हणजे प्रत्यक्ष प्रवास किती झाला? छापील ८ तास ३५ मिनिटं, त्यात पोहोचतानाचा उशीर १५ मिनिटं मिळवायचा आणि सुटतानाचा ५० मिनिटं वजा करायचा. बरोबर ८ तास. गाडीला उशीर झाला आणि प्रवास मात्र छोटा झाला, हे वाक्य मी घरी तीनदा समजावून सांगितलं. दादा अजून मानत नाही.

पण पुरचुंडीला तळ असतो. उशीर तिच्यापेक्षा मोठा झाला की उरलेला तसाच पोहोचतो. पुष्कळदा वाढूनही पोहोचतो, कारण गाडीची रुळांवरची ठरलेली पाळी एकदा चुकली की वेळेवर धावणाऱ्या गाड्यांना आधी वाट मिळते आणि आपली बाजूच्या रुळावर उभी राहते. म्हणून पाऊण तासाच्या उशिरात मी आता आशावादी असतो आणि तीन तासांच्या उशिरात पुस्तक घेऊन बसतो. आणखी एक: पुरचुंडी सोडून गाडी शेवटच्या स्टेशनावर लवकरही पोहोचू शकते, पण मधल्या थांब्यावर लवकर आली तरी छापील वेळेआधी सुटत नाही. लवकर आलेली गाडी बघून आपण उगाच खूश होतो आणि ती फलाटावर उभीच्या उभी.

हे सगळं मी आत्याला घरी आणताना सविस्तर सांगितलं. नेमके ८ तास झाल्यामुळे गोळीचा प्रश्न किती नाजूक होता हेही सांगितलं: उतरतानाच घ्यायची वेळ आली असती.

“गोळी होय?” आत्या म्हणाली. “ती रात्री साडेनऊला घरी जेवून घेतली होती. दुसरी पहाटे साडेपाचला घेतली, घड्याळ बघून. पिशवी धर जरा.”