साडी लग्नानंतर पोचणार असेल तर दिलगिरीचं पत्र कसं लिहावं

24 नोव्हेंबरला रात्री सव्वाअकरा वाजता माझ्या व्हॉट्सअॅपवर एक पत्र येऊन पडलं. लेटरहेडवर मोर, खाली मालकांची सही, आणि मध्ये हा मजकूर: ‘आदरणीय ग्राहक, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव आपल्या ऑर्डरला किंचित विलंब होत आहे. होणाऱ्या असुविधेबद्दल दिलगीर आहोत. आपला विश्वास हीच आमची पुंजी.’

लेकीचं लग्न 2 डिसेंबरला होतं. साडी 15 नोव्हेंबरला मिळायची होती.

पत्र इतकं सुबक होतं की बाकीच्या दुकानदारांनाही त्याचा लाभ व्हावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, पत्र तारीख उलटून गेल्यावरच पाठवा. पैठणी मागावर आहे, पदराचं काम रेंगाळलंय, हे तुम्हाला 1 नोव्हेंबरलाच दिसत असतं. पण तेव्हा सांगितलं तर गिऱ्हाइकाच्या हातात महिना उरतो. ते दुसरीकडे जाऊन साडी बघेल, तयार घेईल, नाहीतर मावशीची मागून आणेल. असा धोका कशाला पत्करायचा? आठवडा उरला की मगच कळवा. तोवर ‘ताई, काळजीच करू नका, आपलीच साडी आहे’ पुरतं.

नाव लिहू नका. ऑर्डर नंबर तर नकोच.

कारण नेहमी ‘तांत्रिक’ द्यावं. हातमागाला तांत्रिक कारण म्हणजे काय, असं विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. मी विचारलं. मालक बाहेरगावी होते. तिसऱ्या दिवशी दुकानातल्या मुलीनं बिचारीनं खरं सांगून टाकलं. दिवाळीच्या गर्दीत आमच्या मागावरच्या विणकराला दुसऱ्या, मोठ्या ऑर्डरवर बसवलं होतं. मी मागाचा फोटो मागितला. आला. चिंतामणी रंगाचं अंग, डाळिंबी काठ, सगळं माझ्या मनासारखं, आणि पदरावरचा मोर मानेपर्यंत येऊन थांबलेला. पैठणीत वेळ खातो तो पदर. प्रत्येक रंगाची तिल्ली वेगळी, ती हातानं फिरवत ताण्यात अडकवायची, दिवसाकाठी बोटभर नक्षी पुढे सरकली तरी खूप. म्हणजे तो फोटो बघून जाणत्या माणसाला तारीख काढता येत होती. म्हणूनच, मित्रांनो, पत्रासोबत फोटो कधीही जोडू नका. आणि नवी तारीख विचारलीच तर ‘लवकरच’.

उशीर मोजताना तो फक्त साडीचा मोजावा. 15 तारीख मी पंचांग बघून काढली नव्हती. ब्लाउजपीस साडीलाच जोडून येतो. साडी हातात आल्याशिवाय शिंप्याला देणार काय? त्याला लग्नसराईत आठ-दहा दिवस, फॉल-पिकोला दोन, आणि मोजमाप चुकलं तर उसवायला आणखी दोन-तीन. म्हणून सतरा दिवस हाताशी ठेवले होते. तुमचा ‘किंचित विलंब’ त्या सतरांतून वजा होतो, तुमच्या कॅलेंडरमधून नाही. पण हे गिऱ्हाइकाचं घरगुती प्रकरण. त्यात तुम्ही पडू नये.

आता भरपाई. मला मिळालं ते कूपन: पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट, किमान खरेदी 50,000, मुदत तीन महिने. माझी साडी 42,000 ची, त्यातले 21,000 आगाऊ तुमच्या गल्ल्यात. म्हणजे पाच हजार वाचवायला मी तीन महिन्यांत आणखी 45,000 तुम्हाला द्यायचे. मला एकच मुलगी आहे हो! दुसरं लग्न कुणाचं काढू? आमच्या ह्यांचं?

कूपन नको म्हटलं की दुसरा डाव. ‘अगदी तश्शीच तयार आहे, घेऊन जा, तेवढ्याच किमतीत.’ मी गेले. पदर उलटा केला. मागच्या बाजूनं कापलेल्या धाग्यांची दाढी! हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखाच दिसतो; ही यंत्रमागाची होती. 42,000 ला. वर चेहरा असा, की उपकार करतोय. बदली द्यायची तर त्याच प्रतीची द्या, नाहीतर हलकी म्हणून सांगा आणि फरक परत करा. हे सांगायला मी यावं लागतं का दुकानात, लग्नाला पाच दिवस असताना, पत्रिका वाटायच्या राहिलेल्या असताना?

आगाऊ रक्कम मागितली तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवावं: ‘ऑर्डरच्या मालाचे पैसे परत मिळणार नाहीत.’ ती पाटी मला मान्य आहे. मी मन बदललं असतं, रंग आवडला नसता, तर पैसे बुडाले असते आणि मी चकार शब्द काढला नसता. पण इथं शब्द कुणी मोडला? पावतीवर तुमच्याच हातानं लिहिलंय ‘लग्नासाठी, 15/11’. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याचं कलम 55 सांगतं, की वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती चुकली, तर समोरचा करार रद्द करू शकतो. त्याच कलमात तुमच्या सोयीचीही एक गोष्ट आहे. उशिरा आलेली वस्तू स्वीकारताना गिऱ्हाइकानं ‘मी नुकसानभरपाई मागणार’ असं तेव्हाच कळवलं नाही, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. तेव्हा साडी देताना पेढा द्या आणि मुकाट्यानं सही घ्या.

जाऊ दे. मला आता हसता येत नाही.

अहो, एवढंच लिहायचं होतं, तेही 1 नोव्हेंबरला:

‘ताई, 8 ऑगस्टला घेतलेली तुमची चिंतामणी पैठणी 15 नोव्हेंबरला देता येणार नाही. आम्ही विणकराला दुसऱ्या कामावर लावलं, चूक आमची. पदर अर्धा बाकी आहे, आजचा फोटो जोडलाय. साडी 10 डिसेंबरला तयार होईल, म्हणजे लग्नात नेसता येणार नाही. तुम्ही ठरवा: 21,000 तीन दिवसांत पूर्ण परत, किंवा हीच साडी 10 डिसेंबरला, 6,000 कमी करून, आणि लग्नासाठी आमच्याकडची हातमागाची एक साडी नेसायला, बिनभाड्याची, किंवा तयार हातमागाची घ्या, किमतीतला फरक आम्ही सोसू. 4 तारखेपर्यंत कळवा. उत्तर आलं नाही तर आम्ही फोन करू.’

दहा-बारा ओळी. यात कुठे तुमचं नाक कापलं जात होतं? आणि ते 6,000 तुमच्या नफ्यातून जायला हवेत. त्या विणकराच्या मजुरीतून कापाल, तर ती माफी नव्हे, चोरी आहे. त्यानं उशीर केला नाही, तुम्ही त्याला उठवलंत.

लेक बोहल्यावर उभी राहिली ती पुण्यात ऐनवेळी घेतलेल्या 31,000 च्या राघू रंगाच्या साडीत. ब्लाउज दुप्पट शिलाई देऊन दोन दिवसांत शिवला, तो काखेत घट्ट. फोटोत दिसतं.

तुमची साडी 11 डिसेंबरला आली. पेढाही आला. पावतीवर मी सही केली आणि सहीच्या वर लिहिलं: ‘26 दिवस उशिरा मिळाली. नुकसानभरपाई मागणार आहे.’ मुलगी म्हणाली, काकू, असं लिहायचं नसतं. म्हटलं, मालक बाहेरगावाहून आले की दाखव.